सोयाबीन पिवळं पडलंय, आणि तक्त्यात तीन ओळींत 'पिवळं'च लिहिलंय. कुठली खरी?

माळरान_०७ | १९ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीक संरक्षणाच्या प्रात्यक्षिक वहीत सोयाबीनच्या रोग-किडींचा तक्ता करायचाय. सिनियरची वही मिळाली, तिच्यावरून उतरवला. तो असा:

| नाव | लक्षणे | कारण | उपाय |
|---|---|---|---|
| पिवळा मोझॅक | पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते | विषाणू | रोगट झाडे उपटावीत, बुरशीनाशक फवारावे |
| खोडमाशी | झाड पिवळे पडून सुकते | माशीची अळी | फोरेट १० टक्के दाणेदार, हेक्टरी १० किलो |
| चक्री भुंगा | पाने पिवळी पडून सुकतात, खोडावर खाप दिसते | भुंगा | ट्रायझोफॉस ४० टक्के फवारावे |

अडचण वहीची नाही, शेताची आहे. आज मामाच्या शेतावर गेलो होतो. अहमदपूर तालुका, दोन एकर, जेएस ३३५, पेरणी २१ जूनची. आठ दिवस पावसाने डोकं वर काढू दिलं नाही, परवापासून उघडीप आहे. शेताचा खालचा भाग पिवळाधमक पडलाय. मामा म्हणाला, "तू शिकतोस ना, सांग बरं काय झालंय." मी वही काढली आणि तिथेच अडकलो, कारण तिन्ही ओळी लागू पडतात. दुकानदाराने एक संच दिलाय, मामा उद्या सकाळी फवारणार आहे. थांबवू का?

---

बी_भरणी | १९ जुलै, रात्री १०:०५

माझं स्वतःचं कृषी सेवा केंद्र आहे, रोज असे दहा जण पान हातात घेऊन येतात. जुलैअखेर सोयाबीन पिवळं म्हणजे पिवळा मोझॅक, डोळे झाकून सांगतो. पांढऱ्या माशीने पसरतो. माशीवरचं औषध, सोबत एक चांगलं बुरशीनाशक आणि १९:१९:१९, असं एकदम मारून टाका. थांबलात तर आठ दिवसांत सगळं शेत जाईल. संचात हेच असणार बघा.

---

गच्चीवरची_बाग | १९ जुलै, रात्री १०:२२

अगदी माझाच प्रश्न! माझ्या कढीपत्त्याची पानं पण पिवळी पडून गळतायत. कुंडी बारा इंची आहे, पुण्यात पाऊस चालू आहे. वरच्या तक्त्यातलं खोडमाशीचं औषध कुंडीत घालू का? किती चमचे?

---

बाभळीचा_काटा | १९ जुलै, रात्री १०:५१

@गच्चीवरची_बाग, बाई, त्या तक्त्यातलं काहीही कुंडीत घालू नका. फोरेट अतिशय विषारी आहे आणि त्याच्यावर आपल्या देशात बंदी आहे. ज्याची पानं फोडणीत जातात त्या झाडाला तर हातही लावू नका. कुंडीचं खालचं भोक बुजलंय का तेवढं बघा, आणि कढीपत्त्याचा वेगळा धागा काढा.

@माळरान_०७, मामाला फोन कर आणि उद्याची फवारणी थांबव. मोझॅक असेल तर दोन दिवसांनी काही बिघडत नाही, कारण लागण झालेलं झाड फवारून बरं होतच नाही. मोझॅक नसेल तर संचाचे पैसे वाचतील.

आता वही. तुझ्या सिनियरने ती त्याच्या सिनियरकडून उतरवलेली दिसते. फोरेट आणि ट्रायझोफॉस, दोन्हींवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. आणि पहिल्या ओळीत कारण 'विषाणू' लिहून उपायात 'बुरशीनाशक'! एकाच ओळीतले दोन रकाने एकमेकांना ओळखत नाहीत. विषाणूवर बुरशीनाशक काम करत नाही. तिथे उपाय विषाणूवर नसतोच, तो विषाणू वाहून नेणाऱ्या पांढऱ्या माशीवर असतो. बी_भरणी माशीपर्यंत बरोबर पोचले, पुढे संच विकायला गेले.

पण तक्त्याचं खरं दुखणं 'लक्षणे' या रकान्यात आहे. 'पाने पिवळी पडतात' हे लक्षण झालंच नाही, ती तक्रार झाली. पेशंटने 'डॉक्टर, बरं वाटत नाही' म्हणावं तशी. कुठलं पान, वरचं की खालचं? शिरा हिरव्या की शिराही पिवळ्या? एकटंदुकटं झाड की सबंध पट्टा? यातलं काहीच वहीत नाही.

उद्या जाऊन एवढं बघून ये:
पिवळेपणा सखल भागातच आहे की उंचावरही मधूनमधून आहे. पिवळं झाड सूर्याकडे धर, शेंड्याच्या पानाच्या शिरा कशा दिसतात ते सांग. मामाने तणनाशक मारलंय का आणि कधी, ते विचार. आणि एक ब्लेड घेऊन जा. झाडं उभी चिरायची आहेत.

---

माळरान_०७ | १९ जुलै, रात्री ११:१०

मामा थांबला. "दोन दिवस देतो," म्हणाला. झाडं चिरायची म्हणजे किती, सर?

---

निळी_जास्वंद | २० जुलै, सकाळी ७:१५

किती चिरायची ते मी सांगते. दोन हंगाम क्रॉपसॅपमध्ये कीड सर्वेक्षक होते, तेव्हा हेच काम होतं.

दहा ठिकाणं निवड, शेतात नागमोडी चालत. प्रत्येक ठिकाणी सलग दहा झाडं उपट. आजारी दिसणारी तेवढी निवडून घेऊ नकोस, ही चूक सगळे करतात आणि मग आकडा फुगतो. एक लक्षात ठेव, पाच ठिकाणं पिवळ्या भागातली घे आणि पाच हिरव्या भागातली, आणि दोन्हींची मोजणी वेगळी लिही. का ते नंतर कळेल.

चिरताना मुळाजवळून वर शेंड्याकडे चीर. खोडमाशीची अळी असेल तर खोडाच्या मधल्या भुश्यात लालसर तपकिरी, वाकडीतिकडी रेघ दिसेल, पेन्सिलीने ओढल्यासारखी. अळी पिवळट पांढरी, बिनपायाची, दोनचार मिलिमीटरची. काही झाडांत अळी नसेल, तपकिरी कोष असेल किंवा नुसती रेघ असेल, तीही मोजायची. बाहेरून यातलं काहीही दिसत नाही. झाड अगदी कोवळं असताना लागण झाली तर ते मरतं, पण महिन्याचं झाड बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आतून पोखरलेलं असतं. म्हणून 'झाड पिवळे पडून सुकते' हे तुझ्या तक्त्यातलं वाक्य पहिल्या पंधरवड्यापुरतं खरं आहे.

चक्री भुंग्याचं वेगळं. तिथे चिरायच्या आधी बोटांनी चाचपायचं. पानाच्या देठावर किंवा फांदीवर एकावर एक अशा दोन गोल खापा असतात, मध्ये साधारण एक ते दीड सेंटीमीटर अंतर. मादी तिथे अंडं घालते. खापांच्या वरचं पान मान टाकतं, खालचं झाड हिरवंगार राहतं. तुमच्या वहीत एकच खाप काढलेली असेल तर ती चूक आहे. एकच चीर असेल तर कोळप्याची किंवा टोळाची पण असू शकते.

---

दोन_एकर | २० जुलै, सकाळी ८:३०

वाशिमचा आहे. आमच्याकडे २०२३ ला असंच झालं. ऑगस्टभर पाऊस नाही, मग सप्टेंबरात पिवळ्याचा असा झटका आला की शेंगा भरायच्या आत रान वाळलं. मी तीन फवारण्या केल्या, काही उपयोग झाला नाही. शेजाऱ्याने एकही केली नाही, त्याचंही गेलं. तेव्हापासून या तक्त्यांवर माझा विश्वास नाही. पंचनाम्याला आले त्यांनी 'पिवळा मोझॅक' लिहिलं, आम्ही मुळं चिरली तर आत बंदुकीच्या दारूसारखे काळे कण होते. मग तो मोझॅक की दुसरं काही?

---

बाभळीचा_काटा | २० जुलै, सकाळी ९:०२

@दोन_एकर, काळे कण म्हणजे मूळकूज, बुरशीचा रोग. पावसाचा खंड आणि उष्ण जमीन तिला मानवते. पांढरी माशीही उघडिपीतच वाढते, म्हणून त्या वर्षी दोन्ही एका शेतात असणं शक्य आहे. झाड नुसतं वरून बघितलं की मोझॅक, उपटून बघितलं की मूळकूज. तुम्ही चिरून बघितलंत हे बरोबर केलंत. तीन फवारण्या फुकट का गेल्या हेही त्यातच आलं, पानावर मारलेलं औषध मुळाच्या बुरशीपर्यंत जात नाही.

---

माळरान_०७ | २१ जुलै, सायंकाळी ६:४८

कॉलेज बुडवून सबंध दिवस शेतात होतो. जमेल तसं लिहितो.

पिवळेपणा फक्त खालच्या भागात आहे, जिथे पाणी तुंबलं होतं. तिथे अजून पाय रुततो. वरच्या माळाकडच्या अर्ध्या भागात पीक हिरवं आहे. पिवळ्या भागात एक झाड पिवळं आणि शेजारचं हिरवं असं नाही, सबंध पट्टाच पिवळा आहे.

पान सूर्याकडे धरलं. शेंड्याची पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. खालची जुनी पानं बरीच हिरवी आहेत.

तणनाशक मारलंय. पेरणीनंतर अठराव्या दिवशी, इमॅझेथापायर. मामा म्हणतो सगळ्या शेतात सारखं मारलं.

शंभर झाडं चिरली. ब्लेडने बोट पण चिरलं. पिवळ्या भागातल्या ५० झाडांत ७ मध्ये लाल रेघ, हिरव्या भागातल्या ५० मध्ये ५. एकूण १२. चार अळ्या जिवंत होत्या. एक मामाच्या तळहातावर ठेवली, तर तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. म्हणाला, "एवढीशी? आणि मी पंचवीस वर्षं पेरतोय."

दोन खापांची देठं सगळ्या शेतात मिळून तीनच सापडली.

आणि एक गोष्ट. बांधाला आजीने मूग लावलाय. त्याच्या लगत सोयाबीनची दोन झाडं निराळीच दिसली. चमकदार पिवळे ठिपके-चट्टे, मध्येच हिरवे, शिरांनाही जुमानत नाहीत. मुगाची पानं पण तशीच. पान हलवलं की पांढरे बारीक किडे उडतात.

आता हे सगळं एका तक्त्यात कुठे बसवू?

---

निळी_जास्वंद | २१ जुलै, रात्री ८:०५

शाब्बास. आता दोन भाग वेगळे का मोजायला लावले ते बघ. खोडमाशीमुळे पिवळं पडलं असतं तर पिवळ्या भागात रेघा कितीतरी जास्त सापडल्या असत्या आणि हिरव्या भागात नसल्यासारख्या. ७ आणि ५ मध्ये मला तरी फरक वाटत नाही. म्हणजे खोडमाशी शेतभर आहे, पिवळेपणा फक्त सखल भागात आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

---

बी_भरणी | २१ जुलै, रात्री ८:२०

मॅडम, सात आणि पाच म्हणजे चाळीस टक्के जास्त की हो. संबंध नाही कसं म्हणता? पोखरलेलं झाड पाणी तुंबल्यावर आधी पिवळं पडणारच.

---

निळी_जास्वंद | २१ जुलै, रात्री ८:३१

पन्नास झाडांत दोन रेघा इकडच्या तिकडे व्हायला ठिकाण बदललं तरी पुरे. हजार झाडं चिरली असती तर तुमचं ऐकलं असतं. तरी तुमची शंका पूर्ण खोटी ठरली असंही म्हणत नाही.

---

बाभळीचा_काटा | २१ जुलै, रात्री ९:१४

माळरान, तुझ्या मामाच्या दोन एकरांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदाराने तिघींना मिळून एक नाव दिलं.

सखल भागातला पट्टा ही लोहाची कमतरता. लोह झाडात एका पानातून दुसऱ्यात सहज सरकत नाही, म्हणून टंचाई नव्या पानाला आधी जाणवते, जुनी पानं हिरवी राहतात. नत्र कमी पडलं असतं तर उलट झालं असतं, खालची पानं आधी पिवळी. तुमच्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण पाणी तुंबलं की मुळांना ते उचलता येत नाही. तणनाशकाचा संशय मला होता, इमॅझेथापायर मारल्यावर सोयाबीन आठवडाभर फिकट पडतं कधीकधी. पण ते सारख्या प्रमाणात सगळीकडे दिसलं असतं, किंवा पंपाचा पट्टा दोनदा पडला तिथे. उताराच्या रेषेत दिसलं नसतं.

बांधालगतची दोन झाडं हा खरा पिवळा मोझॅक. मुगातून आलाय.

खात्री करून घ्यायची असेल तर एक जुनी सोपी परीक्षा आहे. दुकानातून हिराकस आण, म्हणजे फेरस सल्फेट. हिरवट खडे बघून घे, तपकिरी पडलेलं घेऊ नकोस, ते जुनं असतं आणि उपयोगी पडत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम विरघळव. पिवळ्या भागातली पाच झाडं निवड, तीन पानांच्या जुडग्यातल्या एकाच पानाला कापसाच्या बोळ्याने द्रावण लाव, बाकी दोन कोरडी ठेव. देठाला लाल दोरा बांध, नाहीतर चार दिवसांनी सापडणार नाही. लावलेलं पान हिरवं झालं आणि शेजारची दोन पिवळी राहिली, तर लोहच.

---

दोन_एकर | २१ जुलै, रात्री ९:४०

दोरा बांधून वाट बघायची, तोवर पीक जातं की. शेतकऱ्याला एवढा वेळ असतो का?

---

बाभळीचा_काटा | २१ जुलै, रात्री ९:५५

वाट बघत हात बांधून बसायला कुठे सांगितलं? तुंबलेल्या पाण्याला चर काढून वाट करून द्यायची, आजच. वाफसा आल्यावर कोळपं फिरवायचं. मुळांना हवा लागली की निम्मं काम होतं. बांधालगतची ती दोन झाडं आणि रोगट मूग उपटून शेताबाहेर नेऊन पुरायचं, हेही आजच. झाडं उपटून बांधावर टाकून देतात लोक, माशी तिथून परत पिकावर येते.

---

माळरान_०७ | २२ जुलै, सकाळी ७:३०

मूग उपटायचं म्हटल्यावर आजी चिडली. "रोग तुमच्या सोयाबीनला, आणि उपटायचा माझा मूग?" शेवटी पिवळी झाडं तेवढी उपटू दिली. चर काढलाय. दोरे बांधलेत (आजीच्याच लाल लोकरीचे).

खोडमाशीचं काय करू? शंभरात १२ म्हणजे फवारायचं की नाही?

---

निळी_जास्वंद | २२ जुलै, सकाळी ८:१०

आम्हाला खोडमाशीसाठी फवारणीची पातळी १० ते १५ टक्के झाडं अशी दिली होती, आणि चक्री भुंग्याची मीटरभर ओळीत ३ ते ५ झाडं. चक्री भुंग्याचा प्रश्नच येत नाही, तीन देठं खापांच्या खालून तोडून टाक, झालं. खोडमाशी मात्र पातळीच्या आत शिरलीय.

मी फवारलं असतं. थायामिथोक्झाम १२.६ टक्के अधिक लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन ९.५ टक्के, एकरी ५० मिली. खोडमाशी, चक्री भुंगा दोन्हींवर चालतं.

---

बाभळीचा_काटा | २२ जुलै, सकाळी ९:२०

इथे माझं जास्वंदताईंशी जमत नाही. खोडमाशीचं नुकसान लहान रोपात होतं. आता झाड महिन्याचं झालं, अळी आधीच खोडात आहे, वरून मारलेलं तिच्यापर्यंत कितपत पोचणार? ही कीड पेरणीच्या दिवशी रोखायची असते. थायामिथोक्झाम ३० टक्के एफएस, किलोला १० मिली, बियाण्याला चोळून. पुढच्या वर्षी मामाला तेवढं करायला लाव.

---

निळी_जास्वंद | २२ जुलै, सकाळी ९:३५

बीजप्रक्रियेचं मान्य. पण माश्या अजून अंडी घालतायत, चार अळ्या जिवंत होत्या, म्हणजे हल्ला चालू आहे. शेवटी दाण्याचं वजन घटलेलं मी बघितलंय. आपण दोघांनी मामांवर सोडू.

---

बी_भरणी | २२ जुलै, सकाळी १०:०२

औषध बरोबर सांगितलंत ताई. १० लिटरला २.५ मिली टाकायचं, सोपं.

---

निळी_जास्वंद | २२ जुलै, सकाळी १०:२०

सोपं आहे म्हणूनच चुकतं. १० लिटरला २.५ मिली हा हिशोब एकरी २०० लिटर पाणी धरून आहे. २० वेळा अडीच म्हणजे ५०. पण मामा एकराला किती पाणी मारतात ते विचारलं का कुणी?

---

माळरान_०७ | २२ जुलै, सकाळी १०:४१

विचारलं. १५ लिटरचा पंप, एकराला आठ पंप.

---

निळी_जास्वंद | २२ जुलै, सकाळी १०:५५

म्हणजे १२० लिटर. १० लिटरला अडीचच्या हिशोबाने गेलं तर एकराला ३० मिलीच पडेल, ५० च्या जागी. कीड मरणार नाही आणि लोक म्हणणार औषध बनावट. एकरी ५० मिली ठरलेलं, म्हणून पंपाला सव्वासहा मिली. दुसऱ्या गावात कुणी पंधरा पंप मारत असेल तर त्याला पंपामागे साधारण सव्वातीन मिलीच पुरेल. तक्त्यात नेहमी एकरी मात्रा लिही, पंपाचा भागाकार शेतावर करायचा. आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते बाटलीच्या पत्रकावर असतं, तेही वाच.

---

गच्चीवरची_बाग | २२ जुलै, सकाळी ११:३०

कुंडीचं भोक खरंच बुजलं होतं. आभार. दोरा बांधून कढीपत्त्यावर हिराकस लावून बघू का?

---

बाभळीचा_काटा | २२ जुलै, सकाळी ११:४५

एका पानावर लावा हवं तर. ते पान फोडणीत नको.

---

माळरान_०७ | २६ जुलै, रात्री ८:१५

चारपैकी चार! (पाचवा दोरा शेळीने पानासकट खाल्ला.) लावलेलं पान हिरवं झालंय, शेजारची दोन अजून पिवळसर. एका झाडावर मी बोळा नीट फिरवला नव्हता, तिथे फक्त ठिपके हिरवे झालेत. फोटो टाकतोय. चर काढल्यापासून शेंड्याला आलेलं अगदी नवं पान मात्र न लावताच बऱ्यापैकी हिरवं आहे.

मामाने सखल भागात हिराकस फवारलं, १० लिटरला ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम चुना. कीटकनाशकात मिसळलं नाही. खोडमाशीसाठी वेगळी फवारणी केली, पंपाला सव्वासहा मिलीने, पण शेजाऱ्याच्या आग्रहामुळे केली असं वाटतं. काटासर, रागावू नका. संच दुकानदाराने परत घेतला, तोंड वाकडं करून.

नवा तक्ता असा केलाय, सोयाबीनपुरताच:

| नाव | कधी | शेतात कुठे | हातात घेतल्यावर | कशामुळे | उपाय |
|---|---|---|---|---|---|
| पिवळा मोझॅक | उघडिपीत, पांढरी माशी वाढल्यावर | एकटीदुकटी झाडं, मूग-उडदाच्या बाजूने | पिवळे-हिरवे चट्टे, शिरांनाही जुमानत नाहीत | विषाणू, पांढरी माशी वाहक | झाडं उपटून पुरणे, पिवळे चिकट सापळे, माशीवर फवारणी. लागलेलं झाड बरं होत नाही |
| लोहाची कमतरता | पाणी तुंबल्यावर | सखल पट्टा सबंध | शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या | मुळांना लोह उचलता येत नाही | चर, वाफशावर कोळपणी, हिराकस |
| खोडमाशी | उगवणीपासून | शेतभर, वरून दिसत नाही | चिरल्यावर लाल वाकडी रेघ | माशीची अळी | बीजप्रक्रिया. १० ते १५ टक्के झाडांवर फवारणी |
| चक्री भुंगा | साधारण महिन्यानंतर | विखुरलेला | दोन खापा, वरचं पान मान टाकलेलं | भुंग्याची अळी | खापांखालून तोडणे. मीटरला ३ ते ५ झाडांवर फवारणी |

आज मॅडमना दाखवला. म्हणाल्या, "लोहाची ओळ काढ, विषय रोग आणि किडींचा आहे. आणि रकाने चारच ठेव, परीक्षेत चारच असतात."

---

दोन_एकर | २६ जुलै, रात्री ८:४०

घ्या. जी ओळ मामाच्या शेतात खरी निघाली तीच काढायची!

---

निळी_जास्वंद | २६ जुलै, रात्री ९:०५

मॅडमचंही एक खरं आहे, पेपर चार रकान्यांचाच येतो. 'लक्षणे' याच रकान्यात 'शेंड्याची पाने, शिरा हिरव्या' असं कोंब. लोहाची ओळ मोझॅकच्या खाली 'यासारखे दिसणारे' म्हणून बारीक अक्षरात राहू दे.

---

बाभळीचा_काटा | २६ जुलै, रात्री ९:३०

फवारणीबद्दल रागावलो नाही. एक काम कर. पंधरा दिवसांनी पुन्हा शंभर झाडं चीर, त्याच दहा ठिकाणांच्या आसपास. पण शेजारच्या न फवारलेल्या शेतातलीही शंभर चीर, नाहीतर नुसत्या आकड्यावरून काही कळणार नाही. नवी रेघ आणि जुनी रेघ वेगळी लिही. मग जास्वंदताई बरोबर की मी, ते बघू.

---

माळरान_०७ | २६ जुलै, रात्री ९:४४

शेजारचे काका शंभर झाडं उपटू देतील का तेच विचारायला लागेल. त्यांचं म्हणणं त्यांच्याकडे मोझॅकच आहे, आणि त्यांनी तो संच कालच मारलाय.